दात नसलेलं कासव

(पडद्यावर: बेसिनच्या कडेवरून एक कासव चाललंय.)

हा ढब्बू. लहान मुलांच्या टूथब्रशचा मॅस्कॉट. कासवाला दात नसतात, नुसती टणक चोच असते. कंपनीतल्या कुणाच्या हे लक्षात आलं तोवर चित्र मंजूर झालं होतं! ढब्बूच्या जाहिरात-फिल्मची मालिका लिहिणाऱ्या लेखिकेला मात्र त्यातच त्याचा स्वभाव सापडला. ज्याला दातच नाहीत तो दातांबद्दल काय शिकवणार? तो विचारणार.

(पडद्यावर: वहीचं पान.)

तिच्या वहीत ढब्बूसाठी चारच ओळी आहेत. तो हळू चालतो, हळू बोलतो. प्रश्न विचारतो, हुकूम सोडत नाही. मोजताना चुकतो, पण त्याची त्याला लाज वाटत नाही. आणि तो ‘मी आलो’ म्हणतो, ‘मी आले’ नाही. ही शेवटची ओळ नंतरची. ‘ते कासव’ नपुंसकलिंगी, त्यामुळे दुसऱ्या भागाच्या लेखकाने बिनधास्त ‘मी आले’ लिहिलं. मुलांना वाटलं, हे कासव वेगळं आहे.

खरी ओढाताण होते ती कंपनीच्या वाक्यापाशी. तिसऱ्या भागासाठी वाक्य आलं: ‘मुलांनो, रोज दोनदा, दोन-दोन मिनिटं दात घासा!’ माहिती बरोबर आहे. पण हे ढब्बूच्या तोंडी घातलं की कासव गायब आणि फळ्यापुढे उभ्या बाई हजर.

लेखिकेने आधी वाक्याचे दोन तुकडे केले. ‘रोज दोनदा’ ढब्बूकडून काढूनच घेतलं. सकाळ आणि रात्र चित्रातच दिसतात. उरली दोन मिनिटं. ती तिने त्याच्या चालीत घातली.

(पडद्यावर: मुलगी ब्रशवर पेस्ट घेते. ढब्बू साबणापाशी.)

‘मी निघालो पेल्याकडे. दोन मिनिटं लागतील मला. तोवर होईल तुझं?’

आता घड्याळाचं काम कासवच करतं. मुलीने घाई केली, तर ढब्बू अर्ध्या वाटेवर मान वळवून म्हणतो, ‘झालं? मी तर अजून इथेच आहे.’ ओरडा नाही, उपदेशही नाही. फिल्म तीस सेकंदांची असल्याने मधली चाल कापून दाखवायची, पण तो निघालेला आणि पोचलेला दिसलाच पाहिजे.

लिहून झालं की लेखिका बोलणाऱ्यांची नावं बोटाने झाकते आणि संवाद मोठ्याने वाचते. वाक्य मुलीचंही चालून गेलं असतं, तर ते ढब्बूचं नाही. हे ध्वनिमुद्रणाआधीच करावं लागतं. ओठांची हालचाल आवाजावरून बेततात. मागाहून शब्द बदलला की ते सगळं परत.

तरीही एक ओळ निसटली. शेवटच्या क्षणी कुणीतरी घातलेली: ‘बघा, माझे दात कसे चमकतात!’

(पडद्यावर: स्टुडिओ. काचेपलीकडे आवाज देणारा कलाकार.)

तो माइकसमोर थबकला. कागद खाली केला.

‘अहो, पण ह्याला दात कुठे आहेत?’