काटा पावती वाचताना आधी टेअर बघा

मंडळी, कारखान्याच्या काट्यावरची पावती हातात आली की आपली नजर थेट 'नेट'वर जाते. किती टन पडला? मी म्हणतो, आधी 'टेअर' बघा. ग्रॉस म्हणजे भरल्या गाडीचं वजन, टेअर म्हणजे ऊस गव्हाणीत उतरवल्यावर रिकाम्या गाडीचं. नेट ही नुसती वजाबाकी. ग्रॉस दर खेपेला बदलणारच. पण तोच ट्रॅक्टर आणि त्याच दोन ट्रॉल्या असतील, तर टेअर फारसं हलायला नको.

समजा, एकाच गाडीच्या तीन पावत्या आहेत. टेअर ७,९४० किलो, ७,९६० आणि ८,३२०. पहिल्या दोघींतला फरक डिझेलचा किंवा चाकाला चिकटलेल्या चिखलाचा, तो सोडून द्या. तिसरीत ३६० किलो कुठून आले? ट्रॉलीत ऊस उरला का? दुसरी ट्रॉली जोडली का? भरल्या गाडीला उतरलेली माणसं रिकाम्या गाडीवर बसून काट्यावर आली का? टनाला ३,००० रुपये दर धरला, तर एका खेपेला १,०८० रुपये गेले.

उलटंही बघा. दहा खेपांचं टेअर अगदी सारखं असेल, तर खुशाल शंका घ्या. गाडी दरवेळी तोलतात, की संगणकात साठवलेला जुना आकडा उचलतात? पावतीवर दोन्ही वजनांच्या वेळा असतात, त्या ताडून पाहा.

आता काट्याची गोष्ट. रिकामा काटा शून्याऐवजी ६० किलो दाखवत असेल, तरी भरली आणि रिकामी गाडी त्याच काट्यावर गेली तर चूक वजाबाकीत निघून जाते. पण बऱ्याच ठिकाणी भरल्या गाडीला एक काटा आणि रिकाम्या गाडीला दुसरा असतो. तिथे ती चूक तशीच नेटमध्ये उतरते. म्हणून रिकामी गाडी एकदा दोन्ही काट्यांवर घाला म्हणावं. काटा शेकडा एक किलो कमी दाखवत असेल, तर मात्र काटा एकच असूनही वीस टनांमागे २०० किलो जातात. हे पावतीवरून कळत नाही. त्यासाठी प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासावा लागतो, नाहीतर बाहेरच्या पडताळणी झालेल्या काट्यावर तीच गाडी भरलेली आणि रिकामी अशी दोनदा तोलावी लागते. नुसतं भरलेलं वजन तोलून आलात, तर त्यावर वाद घालता येत नाही.

शेवटी बिल. पावत्यांच्या नेटची बेरीज करा आणि बिलावरच्या टनेजशी जुळवा. हार्वेस्टरच्या उसाला पाचटापोटी वजावट होते. ती पावतीवरच झाली असेल, तर नेट हे ग्रॉस वजा टेअरपेक्षा कमी दिसेल. मग बिलात तीच वजावट पुन्हा लावलेली नाही ना, एवढं पाहून घ्या.