पहिल्या डोसच्या आधीचा स्वॅब

[दृश्य: लॅबचं टेबल, प्लेट अगदी जवळून]

ही प्लेट नीट बघा. फिकट जेलीवर जंतूंचा थर उगवलाय आणि त्यावर औषधात भिजवलेल्या कागदाच्या छोट्या गोल टिकल्या ठेवल्यात. ज्या टिकलीभोवती मोकळं रिंगण दिसतंय तिथं औषधाने जंतूला वाढू दिलं नाही, आणि ही डावीकडची बघा, हिच्या पार काठापर्यंत जंतू आलेत. ही सिप्रोफ्लॉक्सॅसिनची टिकली, आणि जंतू आहे शिगेला, रक्ती आव आणणारा.

[दृश्य: ऊसतोडीचा तळ, पाण्याचे उघडे ड्रम]

जंतू आला इथून. मुलगी तीन वर्षांची, वजन 12 किलो. शिगेलाचे दहा ते शंभर जंतू पोटात गेले तरी आजार होतो, त्यामुळे पाणीच लागतं असं नाही, एका भावंडाचा न धुतलेला हात पुरतो. आधी ताप 103, मग पोटात मुरडा, दर अर्ध्या तासाला कुंथायचं आणि पडायचं काय तर चमचाभर आव, रक्त मिसळलेली.

[दृश्य: औषधाची बाटली, लेबल झाकलेलं]

आईने मेडिकलवरून सिरप आणलं, ऑफ्लोक्सॅसिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेलं, आव पडली की आपल्याकडे हेच हातात येतं. यातलं ऑर्निडाझोल अमिबासाठी, पण पाच वर्षांखालच्या मुलांत रक्ती आव अमिबाने होणं फार कमी. आणि ऑफ्लोक्सॅसिन हे सिप्रोच्याच घरातलं औषध, म्हणजे ती डावीकडची टिकली आठवा. दोन दिवस सिरप चाललं, ताप होता तिथंच.

[दृश्य: स्वॅब, नळी, मायक्रोस्कोप]

आता मेन काम. टेक्निशियन दादा शौचातला रक्ताचा, शेंबडासारखा भाग बघून तिथूनच स्वॅब घेतात, कारण जंतू तिथं जास्त सापडतो, आणि तो लगेच जंतू जिवंत ठेवणाऱ्या कॅरी-ब्लेअरच्या नळीत घालतात कारण शिगेला बाहेर फार लवकर मरतो, नमुना दुपारभर टेबलावर राहिला की प्लेट रिकामी. ताज्या नमुन्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली: पस सेल्सचा खच, लाल पेशी, पण लाल पेशी गिळून हलणारा अमिबा कुठेच नाही. अमिबाचं औषध द्यायचं ते असा अमिबा दिसला तर.

मग मॅकॉन्की प्लेटवर रेघा ओढून 37 डिग्रीला रात्रभर. सकाळी गुलाबी वसाहती म्हणजे बहुतेक आतड्यातले नेहमीचे जंतू, आणि मधेमधे या बिनरंगाच्या, पाण्याच्या थेंबासारख्या दिसतायत ना, संशय यांच्यावर. त्या उचलून पुढच्या टेस्ट, काचेवर जंतू ओळखणाऱ्या अँटिसिरमचा थेंब टाकला की दाणे धरतात, नाव ठरतं, शिगेला फ्लेक्सनेरी, मग टिकल्यांची प्लेट आणि परत एक रात्र.

इथं जंतू सिरपला दाद देत नव्हता म्हणून उगवला तरी. पण बऱ्याच वेळा औषधाचे दोन डोस गेले की जंतू प्लेटवर येत नाही, आजार मात्र बरा झालेला नसतो, आणि मग पुढचं औषध अंदाजानेच. म्हणून स्वॅब पहिल्या डोसच्या आधी, हे आम्ही परत परत सांगणार.

[दृश्य: वॉर्ड, सलाईन, ओआरएसचा पेला]

डॉक्टरांनी रिपोर्टची वाट बघितली नाही, बघायचीही नसते. सेफ्ट्रायॅक्सोन रोज 600 मिलिग्रॅम, किलोला 50 या हिशोबाने, शिवाय ओआरएस आणि 14 दिवस झिंक. जुलाब थांबवायची गोळी बिलकुल नाही. 48 तासांत ताप उतरला, रक्त कमी झालं, पोरगी खायला मागायला लागली, हीच औषध लागू पडल्याची खूण. हे झालं नसतं तर औषध बदलायचं. तिसऱ्या दिवशी रिपोर्टनेही सेफ्ट्रायॅक्सोनच्या टिकलीभोवती मोठं रिंगण दाखवलं, पण त्यालाही दाद न देणारे शिगेला आता सापडतायत.

[दृश्य: रक्ताची स्लाइड]

फ्लेक्सनेरी सहसा शिगा टॉक्सिन हे विष बनवत नाही. शिगेला डिसेंटेरिए टाइप 1 ते बनवतो आणि त्याने किडनी बंद पडू शकते, हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, 1970 च्या दशकात वेल्लोरच्या डॉक्टरांनी अशी मुलं नोंदवलीत, साधारण आठवड्याने, जुलाब आटोपत आले की चेहरा पांढरा पडतो, लघवी कमी होते, स्लाइडवर अशा तुटक्या लाल पेशी, प्लेटलेट खाली, काहींना डायलिसिस. या जंतूत योग्य औषध लवकर दिलं तर धोका कमी राहतो, पण असंच टॉक्सिन बनवणाऱ्या ई. कोलायमध्ये अँटिबायोटिकने धोका वाढू शकतो, तिथं ते टाळतात, त्यात ताप बहुतेक नसतो किंवा थोडाच असतो.

[दृश्य: डिस्चार्जचा कागद]

कागदावर लिहून दिलंय: पुढचे आठ-दहा दिवस लघवी किती होते बघा, कमी वाटली की त्याच दिवशी या, सीबीसी आणि क्रिएटिनिन करू.