रक्त एकच, मग ट्यूब वेगवेगळ्या का?

नमस्कार! रक्त तपासणीत सुई एकदाच टोचतात, पण रक्त भरतात तीन-चार ट्यूबमध्ये. निळं टोपण, जांभळं, करडं. एकच मोठी ट्यूब का चालत नाही?

आधी शरीरात रक्त वाहतं कसं राहतं ते बघू. यात रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराचा वाटा मोठा. त्यावर हेपॅरिनसारखे रेणू असतात. ते रक्तातल्या अँटिथ्रॉम्बिनचा जोर वाढवतात आणि अँटिथ्रॉम्बिन गुठळी घडवणाऱ्या थ्रॉम्बिनला निकामी करतं. अस्तरावरच्या थ्रॉम्बोमॉड्युलिनला थ्रॉम्बिन चिकटलं, तर ते गुठळी करायचं सोडून उलट प्रोटीन सी जागं करतं, आणि गोठणं मंदावतं. तरीही गुठळी झालीच, तर अस्तरातून टीपीए नावाचं प्रथिन सुटतं. ते गुठळीतल्या फायब्रिनच्या जाळ्यावर बसून प्लाझमिनोजेनचं प्लाझमिन करतं. प्लाझमिन ते जाळं कातरतं. डी-डायमर तपासणीत मोजतात तो याच कातरणातला तुकडा.

ट्यूबला हे अस्तरच नाही. रक्त तिथे काही मिनिटांत गोठू लागतं. थांबवायचं तर कॅल्शियम काढून घ्यायचं, कारण त्याच्याशिवाय गोठण्याची साखळी पुढे सरकत नाही.

निळ्या ट्यूबमधलं सायट्रेट कॅल्शियम बांधून ठेवतं. पीटी, म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम, तपासताना लॅबमध्ये पुन्हा कॅल्शियम घालतात आणि गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. म्हणून 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट हे प्रमाण पाळावंच लागतं. ट्यूब अर्धीच भरली तर सायट्रेट जास्त होतं, घातलेलं कॅल्शियमही तेच गिळतं आणि पीटी खोटा लांबतो.

जांभळ्या ट्यूबमधलं ईडीटीए कॅल्शियम फार घट्ट पकडतं. त्यात पेशींचा आकार चांगला टिकतो, म्हणून पेशी मोजणारी सीबीसी तपासणी त्यातच. हिरव्या ट्यूबमधलं हेपॅरिन मात्र कॅल्शियमला हात लावत नाही, ते आपल्याच अँटिथ्रॉम्बिनकडून काम करून घेतं. करड्या ट्यूबमध्ये फ्लोराइड असतं. ते नसेल तर पेशी ट्यूबमध्येही साखर खात राहतात.

आता एक उदाहरण. समजा रिपोर्टमध्ये पोटॅशियम 8.1 आलं. एवढं पोटॅशियम जिवावर बेतू शकतं, म्हणून ईसीजी लगेच काढायचा. पण माणूस ठणठणीत, ईसीजी नॉर्मल, मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिनही ठीक. मग त्याच नमुन्यातलं कॅल्शियम बघा: 5.2, म्हणजे 8.5 या नॉर्मलच्या खालच्या मर्यादेच्याही कितीतरी खाली. अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइमही घसरलेलं. हे तिन्ही एकत्र दिसलं की संशय ईडीटीएवर जातो. जांभळ्या ट्यूबमध्ये ते बहुतेक वेळा पोटॅशियमच्या क्षाराच्या रूपात असतं. ज्या लाल ट्यूबमधून हे सगळं मोजतात तिच्यात रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं त्यात ओतलं असणार. पोटॅशियम आलं क्षारातून, कॅल्शियम पकडलं ईडीटीएनं, आणि त्या एन्झाइमला लागणारं झिंकही त्यानंच ओढून घेतलं.

अशा वेळी तो रिपोर्ट बाजूला ठेवून नवं रक्त घ्यायचं. निळी आधी, मग लाल, हिरवी, जांभळी आणि शेवटी करडी, आणि एका ट्यूबमधलं रक्त दुसरीत अजिबात ओतायचं नाही.