जांबोटीचा फाटा

नमस्कार श्रोतेहो. आमच्या रायडिंग क्लबचं अध्यक्षपद 17 वर्षं माझ्याकडे होतं, ते या रविवारी मी सोडतोय. आभार मी ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन मानले आहेत. रेडिओवर मला फक्त जांबोटीच्या फाट्याची गोष्ट सांगायची आहे, कारण आमचा क्लब खऱ्या अर्थानं त्या फाट्यावर सुरू झाला.

जून महिना होता. साखळीहून आम्ही 14 गाड्या घेऊन चोर्ला घाटमार्गे बेळगावला निघालो. केरी सोडली आणि पावसानं झोडपायला सुरुवात केली. घाटात धुकं इतकं, की पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसायचा. पुढे, लीडला, मी होतो. सर्वांत मागे स्वीप, म्हणजे शेवटची गाडी, एका जुन्या मित्राची. कणकुंबीला चहा घेतला, मोजले, 14 भरले.

बेळगावात शिरताना मोजले तर 13.

डिचोलीचा एक पोरगा नव्हता. त्याची ती पहिलीच लांबची राइड. स्वीपला विचारलं तर तो म्हणाला, "तो पुढे गेला ना तुमच्याबरोबर?" आम्हाला वाटत होतं तो मागे स्वीपबरोबर आहे. फोन लागेना. आणि तेवढ्यात माझाच फोन वाजला. त्याची आई. "पोचलात मरे सगळे?" एवढंच तिनं विचारलं. मी फोन कानाला धरून उभा होतो, हेल्मेटमधलं पाणी मानेवरून आत उतरत होतं, आणि मला उत्तर देता येईना. शेवटी खरं सांगितलं, की पोरगा दिसत नाही, मी मागे जातोय.

झालं होतं असं. कणकुंबीच्या पुढे स्वीप रेनकोटची चेन लावायला दोन मिनिटं थांबला. पोरगा सावकाश चालवणारा, तो मागे पडून एकटा झाला. जांबोटीला रस्ता फुटतो, एक बेळगावला, एक उजवीकडे खानापूरला. तिथं आमचं कुणी उभं नव्हतं. तो उजवीकडे वळला. मागून स्वीप आला आणि सरळ बेळगावकडे निघून गेला. पोरगा खानापूरला एका पेट्रोल पंपावर सापडला, अडीच तासांनी, कुडकुडत. गाडीला ओरखडा नव्हता. त्याच्या आईला मी तिथूनच फोन केला आणि त्याच्या हातात दिला.

चूक पोराची नव्हती. चूक माझी, लीडची. फाट्यावर मी माणूस उभा केला नाही.

त्या दिवसापासून आमचा नियम असा. फाटा आला, की लीडच्या लगेच मागची गाडी थांबते. तो मार्कर. तो वळणाच्या अलीकडे, लांबून दिसेल असा उभा राहतो आणि हातानं दिशा दाखवतो. बाकीचे जातात. पुढच्या फाट्याला जो दुसरा असेल तो मार्कर. आणि मार्कर हलतो कधी? स्वीप दिसला की. पुन्हा सांगतो, स्वीप दिसला की, त्याआधी नाही. पाऊस असो, अर्धा तास होवो. स्वीपला नारिंगी जाकीट असतं ते यासाठीच. आणि स्वीप कधीही कुणाला मागे टाकत नाही. कुणी थांबलं तर तोही थांबतो. त्याला स्वतःला थांबायचं असेल, तर आधी पुढच्याला हॉर्न देऊन थांबवतो.

हे बिघडतं कुठे, तर मार्कर गाड्या मोजतो आणि "आले सगळे" म्हणून निघतो. मोजण्यात चूक होते, जाकीट ओळखण्यात होत नाही. शहरातल्या गर्दीत मात्र ही पद्धत चालत नाही. तिथं आम्ही ठरलेल्या जागी भेटतो. चार-पाच गाड्या असतील तर मार्करची गरजही नसते, आरशात सगळे दिसतात.

जाता जाता एक बोलतोच. सायलेन्सर काढून फडफड करत केरीतून पहाटे जाणारे जे आहेत, ते मला रायडर वाटत नाहीत. त्या गावात म्हातारी माणसं झोपलेली असतात. आमच्या क्लबात असा सायलेन्सर कधी चालला नाही, पुढेही चालू देऊ नका, एवढं मागणं आहे.

नव्या अध्यक्षबाईंनी नऊ वर्षं स्वीप केलंय. पंक्चरची किट, क्लचच्या जादा केबली आणि हजेरीची वही मी त्यांच्याकडे दिली. नारिंगी जाकीट त्यांनी मला परत दिलं. रविवारी सकाळी सहाला साखळीहून निघायचं आहे, चोर्लामार्गे. लीडला त्या आहेत. जांबोटीच्या फाट्यावर मार्कर म्हणून तो डिचोलीचा पोरगा उभा राहणार आहे, आता त्याच्या मिशा पिकायला लागल्यात. त्याला म्हटलंय, मी शेवटी येतोय, तोवर हलू नकोस.