श्वासाची जागा आणि स्वल्पविरामाची जागा

नमस्कार श्रोतेहो. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर एक सूचना उतरवून घ्या. सावकाश सांगतो.

'काटोल आणि नरखेड तालुक्यांतील ज्या संत्रा उत्पादकांच्या बागांचे गारपिटीने नुकसान झाले आहे त्यांनी तलाठी कार्यालयात अर्ज द्यावेत.'

यात स्वल्पविराम कुठे द्याल? पुष्कळांचा हात 'त्यांनी' या शब्दानंतर थांबतो. वाक्य लांब आहे, दम लागतो आणि पेन्सिल आपोआप खाली टेकते. पण ती जागा चुकीची आहे. 'द्यावेत' या क्रियापदाला विचारा, कोणी द्यावेत? उत्तर येते, त्यांनी. म्हणजे 'त्यांनी' हा कर्ता झाला आणि आपण त्याला त्याच्याच क्रियापदापासून तोडले. स्वल्पविराम द्यायचाच असेल तर 'झाले आहे' नंतर द्या. तिथे 'ज्या'ने सुरू झालेले उपवाक्य संपते.

दम लागणे खोटे नाही. आकाशवाणीवर वाचणारेही लांब वाक्यात थांबतात, पण त्यासाठी संहितेवर पेन्सिलने तिरकी रेघ मारून ठेवता येते. ती रेघ वाचणाऱ्यासाठी असते. स्वल्पविराम अर्थ लावणाऱ्यासाठी असतो. या दोन जागा कधी जुळतात, कधी जुळत नाहीत.

मराठीत कर्त्यानंतर खूण लागत नाही, कारण 'ने', 'नी', 'ला' हे प्रत्यय ते काम आधीच करून बसलेले असतात. आजची विरामचिन्हे मराठीत आली ती एकोणिसाव्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या काळात. त्याआधीच्या मोडी पत्रांत तर शब्दही सुटे लिहीत नसत, तरी सारा व्यवहार चालत होता. प्रत्यय नसला तरी फरक पडत नाही. 'कळमन्याच्या बाजारात आलेली संत्री, लवकर विकली गेली' यातला स्वल्पविराम काढून वाचा. काहीच हरवत नाही.

एक अपवाद मात्र खरा आहे. 'नागपुरी संत्रा, साल सैल असल्यामुळे, सोलायला सोपा जातो.' इथे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये जादा माहिती घुसली आहे आणि तिला दोन्ही बाजूंनी कुंपण घातले आहे. दोन्ही स्वल्पविराम ठेवा किंवा दोन्ही काढा. एकच ठेवला की वाक्य लंगडते. बहुतेक वेळा पहिला लिहिला जातो आणि दुसरा विसरला जातो, म्हणून तपासताना जोडी मोजावी.

आता 'कारण'. 'भाव उतरले, कारण, बाजारात आवक वाढली.' यातला पहिला स्वल्पविराम ठीक आहे. एक विधान संपून दुसरे सुरू होते. दुसरा काढून टाका. 'कारण' हा शब्द पुढच्या विधानाला बांधलेला आहे, मागच्याला नाही. बोलताना आपण 'कारण' म्हणून क्षणभर विचार करतो आणि तोच क्षण कागदावर उतरतो. 'भाव उतरण्याचे कारण, वाढलेली आवक आहे' इथे तर 'कारण' हे नामच आहे आणि वाक्याचा कर्ताही. मघाचीच चूक, फक्त वेश बदललेली. 'त्यांनी सांगितले की' यानंतरचा स्वल्पविराम छापील मजकुरात सर्रास दिसतो. पुढे अवतरणचिन्हातले शब्द नसतील तर तोही बिनकामाचा, असे माझे मत.

मग स्वल्पविराम हवा कुठे? जिथे तो काढला की अर्थ बदलतो तिथे. 'काका आले का?' आणि 'काका, आले का?' पहिल्यात काकांची चौकशी आहे, दुसऱ्यात काकांकडेच दुसऱ्या कोणाची. मोबाइलवरच्या निरोपात हा एक ठिपका वाचवू नका. किराण्याची यादी घ्या. 'सांबार, मिरची लसूण चटणी आणि दही.' आणणारा तयार चटणी आणेल. 'मिरची, लसूण, चटणी' लिहिले तर तीन वस्तू येतील. 'आणि'च्या आधी मात्र सहसा गरज नसते.

शेवटचे उदाहरण जरा अवघड आहे. 'बाबांनी जेवताना बोलणाऱ्या मुलाला दटावले.' जेवत कोण होते? असेच वाचले तर मुलगा. 'जेवताना' नंतर स्वल्पविराम दिला तर बाबा. इथे तो खरोखर कामाला येतो. पण रेडिओवर तो ऐकू येईलच असे नाही, आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतूनही निसटतो. म्हणून अशा ठिकाणी शब्दच हलवावेत. बाबा जेवत असतील तर 'जेवताना बाबांनी बोलणाऱ्या मुलाला दटावले' असे लिहा. मुलगा जेवत असेल तर 'जेवताना बोलणाऱ्या मुलाला बाबांनी दटावले'. दोन्ही वाक्यांत स्वल्पविराम नाही आणि शंकाही नाही.

नमस्कार.