देव, परमेश्वर, प्रभू : तीन शब्दांची कुंपणं
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : हिब्रू बायबलचं उघडं पान. एक बोट उजवीकडून डावीकडे सरकतंय.]

ही चार अक्षरं. योद, हे, वाव, हे. हिब्रू शास्त्रात ती सहा हजार आठशेच्या आसपास वेळा येतात. हे नाव आहे. पदवी नाही, विशेषण नाही, नावच. पण ते उच्चारायचं नाही असा प्रघात पडला, आणि वाचणारा तिथे आला की 'अदोनाय', म्हणजे 'प्रभू', असं म्हणून पुढे जाऊ लागला. अक्षरांखाली दिसणारी ही टिंबं नीट पाहा. ती या नावाची नाहीतच. ती 'अदोनाय'च्या स्वरांची आठवण आहे. या नावाची अक्षरं आणि त्या शब्दाचे स्वर एकत्र वाचल्यामुळेच 'यहोवा' हे रूप तयार झालं.

[दृश्य : भिंतीवर चिकटवलेल्या तीन चिठ्ठ्या.]

बायबलचा मराठी अनुवाद करणाऱ्या या गटाने ठरवलेली मांडणी अशी. 'एलोहीम' आलं की देव. चार अक्षरी नाव आलं की परमेश्वर. 'अदोनाय' आलं की प्रभू. छापील मराठी बायबल वाचणाऱ्याच्या कानाला हे तीन शब्द सवयीचे आहेत. अडचण शब्द निवडण्यात नव्हतीच. ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत टिकवणं, तिथे खरी कसोटी होती.

[दृश्य : उत्पत्तीच्या पुस्तकाचा कच्चा मसुदा. समासात लाल पेन.]

हा मसुदा चिठ्ठ्या लागण्याआधीचा आहे. पहिल्या अध्यायात फक्त 'एलोहीम' आहे. दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या ओवीपर्यंत चालणाऱ्या सृष्टीच्या त्या वर्णनात तो शब्द पस्तीस वेळा येतो आणि मराठीत पस्तीस वेळा 'देव' बसतो. दुसऱ्या अध्यायात, चौथ्या ओवीत, नाव पहिल्यांदा येतं. अनुवादकाने तिथे 'प्रभू' घातलं. वाचायला छान वाटलं. तिसरा अध्याय झाला, सातवा झाला, चौदावा झाला. मग पंधरावा आला.

पंधराव्याच्या दुसऱ्या ओवीत अब्राम हाक मारतो, आणि हाकेत दोन शब्द आहेत : 'अदोनाय', आणि लगेच ते चार अक्षरी नाव. आता मराठीत काय लिहायचं? 'हे प्रभू प्रभू'?

[दृश्य : लाल पेन थांबतं. त्याच ओळीवर दोनदा रेघ.]

इंग्रजीत नाव आणि 'अदोनाय' यांतला फरक बहुतेक वेळा मोठ्या-लहान अक्षरांनी दाखवतात. एकच शब्द, पण नावाच्या जागी तो सगळा कॅपिटलमध्ये छापतात. देवनागरीत कॅपिटल नाही. आपल्याकडे दोन गोष्टी वेगळ्या दाखवायच्या तर शब्दच वेगळे हवेत. म्हणून दुसऱ्या अध्यायापर्यंत मागे जावं लागलं. नावाच्या जागी बसलेला प्रत्येक 'प्रभू' खोडून 'परमेश्वर' केला, आणि अब्रामची हाक 'हे प्रभू परमेश्वरा' अशी झाली. यहेज्केलाच्या पुस्तकात हीच जोडी दोनशेहून अधिक वेळा येते. तिथे पोहोचल्यावर जाग आली असती तर काय झालं असतं, याचा हिशोब मी करत बसत नाही.

[दृश्य : दोन पानं शेजारी शेजारी. स्तोत्र 14 आणि स्तोत्र 53.]

आमच्या चित्रीकरणातलं माझं आवडतं दृश्य हे. दोन स्तोत्रं, जवळजवळ एकच. मूर्ख आपल्या मनात म्हणतो, देव नाही. सुरुवात दोन्हीकडे तीच. पण चौदाव्यात 'एलोहीम' तीनदा आणि नाव चारदा आहे. त्रेपन्नाव्यात सातही जागी 'एलोहीम'. कुणीतरी, कधीतरी, जाणूनबुजून नाव बाजूला ठेवलं आहे. मराठीतही एका पानावर 'परमेश्वर स्वर्गातून खाली पाहतो' आणि दुसऱ्यावर 'देव स्वर्गातून खाली पाहतो' असंच राहायला हवं. इथे हात शिवशिवतो. शाळेत आपल्याला शिकवलेलं असतं की तोच शब्द पुन्हा वापरू नका, म्हणून 'ईश्वर', 'जगदीश', 'भगवंत' लेखणीतून आपसूक उतरतात. निबंधात ते शोभतात. इथे त्यांनी मूळ ग्रंथातली खूणच पुसली जाते.

[दृश्य : संगणकाचा पडदा. शोधपट्टी. डाव्या बाजूला ओव्यांची लांब यादी.]

तपासणी मात्र डोळ्यांवर सोडता येत नाही. मूळ शब्द जिथे जिथे आहे त्या सगळ्या ओव्यांची यादी एका बाजूला, ठरलेला मराठी शब्द दुसऱ्या बाजूला. जिथे जुळत नाही तिथे लाल खूण. मराठीचे प्रत्यय इथे भलतीच मजा करतात. परमेश्वराने, परमेश्वराला, परमेश्वरा, परमेश्वरच. म्हणून शोधताना `परमेश्वर*` असं तारांकन लावून टाकतात. 'देव'ला तेच तारांकन लावलं, तर देवदूत, देवालय आणि देवदारूचं झाडही हजर. 'प्रभू'चं वेगळंच. जुन्या मजकुरात ऱ्हस्व 'प्रभु', आजच्या नियमाने दीर्घ 'प्रभू', आणि समासात गेला की पुन्हा ऱ्हस्व : प्रभुभोजन.

आणि मग ही ओवी. पडद्यावर 'परमेश्वर' स्वच्छ दिसतोय, तरी खूण लाल. तीन वेळा वाचून झालं. शेवटी अक्षरं सुटी करून पाहिली.

```
परमेश्वर    … श + ् + व + र
परमेश्‍वर   … श + ् + U+200D + व + र
```

मधे एक न दिसणारं जोडचिन्ह. 'श्व' विशिष्ट वळणाचा दिसावा म्हणून काही कळपाट ते आपोआप घालतात; जुन्या फॉन्टमधून मजकूर बदलून घेतानाही ते शिरतं. माणसाला शब्द एकच, यंत्राला दोन. सगळा मजकूर आधी एका रूपात आणा आणि मगच मोजा, हा नियम त्या दुपारी चौथी चिठ्ठी म्हणून भिंतीवर गेला.

[दृश्य : मोठं टेबल. चार-पाच माणसं. नव्या कराराची पानं.]

नव्या करारात ग्रीक आहे, आणि ग्रीकमध्ये चार अक्षरी नाव आणि 'अदोनाय' हे दोन्ही 'कुरिओस' होतात. स्तोत्र 110 च्या पहिल्या ओळीत परमेश्वर 'माझ्या प्रभूला' बोलतो. मत्तय 22 मध्ये येशू तीच ओळ उद्धृत करतो, तिथे ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द. मराठीत मत्तयातही 'परमेश्वर' आणि 'प्रभू' असे वेगळे ठेवले की ओळ स्तोत्राशी जुळते. यावर टेबलावर फारसा वाद झाला नाही.

वाद झाला तो रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायावर. नवव्या ओवीत येशू 'प्रभू' आहे. तेराव्या ओवीत जुन्या करारातल्या योएल संदेष्ट्याचं वचन येतं : जो कोणी त्याचं नाव घेऊन हाक मारील तो वाचेल. योएलाच्या पुस्तकात तिथे चार अक्षरी नाव आहे, म्हणजे आपल्या चिठ्ठीप्रमाणे 'परमेश्वर'. पण हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचा सगळा युक्तिवाद नवव्या ओवीतला शब्द तेराव्यात पुन्हा ऐकू येण्यावर उभा आहे. 'परमेश्वर' लिहा, तर योएलाशी सुसंगत आणि पौलाशी तुटलेलं. 'प्रभू' लिहा, तर उलट. यादी इथे निकाल देत नाही. एकाच पुस्तकात दोन दिशांना सुसंगती हवी असते आणि कधी कधी एकीला हात सोडावा लागतो.

जुनी प्रत तोंडपाठ असणाऱ्या काही वाचकांना हे बदल खटकले. तसे अभिप्राय आले, काही दुरुस्त्या झाल्या.

[दृश्य : संध्याकाळ. पानावर पेन्सिल. आवाज फक्त पंख्याचा.]

दहाव्या अध्यायाच्या तेराव्या ओवीत 'प्रभू' राहिलं. तळटीप पेन्सिलीने लिहिली आहे : योएल 2:32, 'परमेश्वर'.