सर्दीची गोळी आणि बीपीचा पेशंट

[दृश्य: औषधाच्या दुकानाचं काउंटर. कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपच्या चार गोळ्या.]

सर्दी झाली की आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "नाक बंद झालंय, काहीतरी द्या." दुकानदार स्ट्रिप कापून देतो. बीपीची गोळी चालू आहे का, हे तो क्वचितच विचारतो, आणि आपणही सांगत नाही.

ती स्ट्रिप उलटी करून बघूया. बारीक अक्षरात लिहिलंय: पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, क्लोरफेनिरामाइन २ मिलिग्रॅम, फिनाइलेफ्रिन १० मिलिग्रॅम. काही गोळ्यांत कॅफिनही असतं. रक्तदाब असलेल्या माणसानं थांबायचं ते तिसऱ्या नावापाशी. काही गोळ्यांत त्याच्या जागी स्यूडोएफेड्रिन असतं.

[दृश्य: नाकाच्या आतल्या अस्तराचं रेखाचित्र.]

बंद नाकात नुसता शेंबूड साठलेला नसतो. आतलं अस्तर सुजलेलं असतं, कारण त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या रक्तानं फुगलेल्या असतात. नाक मोकळं करणारं औषध या वाहिन्या आकसवतं. पण गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त सगळीकडे फिरतं. शरीरात इतरत्रही वाहिन्या आकसल्या की दाब वाढतो. स्यूडोएफेड्रिन तर हृदयाचे ठोकेही वाढवतं. अभ्यासांत त्यानं वरचा आकडा सरासरी १ नं आणि नाडी मिनिटाला सुमारे ३ ठोक्यांनी वाढलेली दिसली. ऐकायला हे थोडं वाटतं. पण ही झाली सरासरी. एखाद्याचा दाब यापेक्षा बराच जास्त चढतो, आणि ज्याचा बीपी आटोक्यात नाही किंवा ज्याचे ठोके मुळातच अनियमित पडतात, त्यानं सरासरीच्या भरवशावर राहू नये.

फिनाइलेफ्रिनच्या बाबतीत तर मला राग येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीनं एकमतानं सांगितलं, की नेहमीच्या मात्रेत पोटातून घेतलेलं फिनाइलेफ्रिन बंद नाकावर उपयोगी ठरत नाही. त्याचा बराचसा भाग रक्तात पोहोचण्याआधीच निकामी होतो. म्हणजे ज्यातून फायदा जवळपास नाही, त्या औषधासाठी बीपीच्या पेशंटनं थोडीही जोखीम का घ्यावी? गोळीनं बरं वाटतं ते बहुधा पॅरासिटामॉलमुळे, आणि क्लोरफेनिरामाइननं नाक गळणं कमी होतं म्हणून.

[दृश्य: घरातलं बीपीचं मशीन, शेजारी नाकाच्या थेंबांची बाटली.]

समजा, बासष्ट वर्षांचे एक काका आहेत. रोजच्या गोळ्यांवर त्यांचा दाब १२८/८० असतो. सर्दीसाठी ते दिवसातून तीनदा अशी गोळी घेतात, वर झायलोमेटाझोलिनचे थेंब. दुसऱ्या रात्री धडधड होते. मशीनवर १५२/९४ दिसतं. त्यांना वाटतं, बीपीचं औषध लागू पडेना, डोस वाढवायला हवा. अशा वेळी आधी सर्दीची गोळी आणि थेंब बंद करायचे, पाच मिनिटं शांत बसून दाब पुन्हा मोजायचा आणि डॉक्टरांना दोन्ही औषधांची नावं सांगायची. बीपीची गोळी स्वतःहून वाढवायची नाही.

थेंबांचं गणित वेगळं आहे. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन नाकातच काम करतं आणि खरोखर नाक उघडतं. रक्तात कमी जातं, पण अजिबात जात नाही असं नाही. म्हणून बीपी आटोक्यात असला तरी डॉक्टरांना विचारून, आणि तेही फार तर तीन दिवस. त्यापुढे थेंबांचा असर उतरला की नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं, म्हणून माणूस पुन्हा थेंब घालतो आणि बाटली उशाशी कायमची येते. ती सोडवताना डॉक्टर बऱ्याचदा एका नाकपुडीत थेंब आधी बंद करायला सांगतात.

[दृश्य: पातेल्यात उकळणारं पाणी, चमच्यात थोडं मीठ.]

सुरुवात करावी ती मिठाच्या पाण्यानं. पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं. पाव लिटरला चहाच्या सपाट अर्ध्या चमच्याहून किंचित कमी मीठ, शक्यतो आयोडीन नसलेलं. नळाचं कच्चं पाणी नाकात घालू नका, कारण त्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूत पोहोचू शकतो. हे क्वचित घडतं, पण जिवावर बेततं. तयार सलाइन स्प्रे दुकानातही मिळतो.

शिंका आणि खाज असेल, म्हणजे ॲलर्जी असेल, तर साधं सेटिरिझिन किंवा फेक्सोफेनाडिन घेता येतं. मात्र नावापुढे 'डी' किंवा 'प्लस' दिसलं, तर आत काय आहे ते वाचा. जुनाट ॲलर्जीला डॉक्टर फ्लुटिकासोनसारखा स्टेरॉइड स्प्रे देतात. त्यानं सहसा बीपी चढत नाही, पण पूर्ण असर यायला काही दिवस लागतात. स्प्रेचं टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेनं धरायचं. नाहीतर नाकातून रक्त येतं.

अंगदुखीला पॅरासिटामॉल पुरतं. आयबुप्रोफेन टाळलेलं बरं, त्यानंही दाब वाढतो.

छातीत दुखलं, धाप लागली, चक्कर आली, धडधड थांबेना, किंवा तोंड वाकडं होऊन एका बाजूचा हात लुळा पडला, तर दुसऱ्या गोळीची वाट न बघता १०८ ला फोन करा, आणि सर्दीची ती स्ट्रिप सोबत न्या.